अट सांगायची नाही

"काही मदत करू का?" असं आमच्या दुकानात कुणी विचारलं की माझं डोकं फिरायचं. माणूस काय म्हणणार? "नको, नुसतं बघतोय." संपलं. आपणच दार लावून घेतलं. म्हणून नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगायचे, की ज्याला 'नको' म्हणता येत नाही असा प्रश्न विचारा. "कुणासाठी बघताय?" स्वतःसाठी, वडिलांसाठी, बायकोसाठी, काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. एकदा माणूस बोलला की तो बसतो, आणि बसला की पाय पुढे करतो. बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकाने पाय पुढे केला म्हणजे निम्मी विक्री झाली. हे सगळं मी सांगायचे. आता ते काम आमच्या दुकानातल्या जुन्या काकांकडे आहे. का, तेच सांगायला बसलेय.

शटर वर जायच्या आधी आम्ही सगळे आतल्या बाकाजवळ ओळीत उभे राहायचो. मी सुपरवायझर, म्हणून मी समोर. आज कुठली ऑफर, कुठल्या मापांचा माल संपलाय, कोण कुठल्या भिंतीला उभं राहणार, आणि शेवटी बोलायची वाक्यं. मी एकदा म्हणायचे, सगळ्यांनी माझ्यामागून म्हणायचं. मग दोघांना पुढे काढायचं, एक गिऱ्हाईक, एक सेल्समन. काका नेहमी गिऱ्हाईक व्हायला पुढे. आमच्या पुरुष विभागात ते सगळ्यात जुने, आणि नाटकी इतके की एकदा "मला हा बूट चावतो" म्हणून ओरडत बाकावरच आडवे झाले होते. हसून हसून मुरकुंडी वळली होती सगळ्यांची. सकाळी जरा हसलं की दिवसभर तोंड गोड राहतं, म्हणून मी चालू द्यायचे. नाहीतर माझं तोंड किती गोड आहे ते सगळ्या दुकानाला ठाऊक आहे. पाठीमागे मला मिरची म्हणतात. म्हणोत. मिरचीशिवाय चव कुठे येते?

वाक्यं साधीच असायची, पण त्यांनाही एक रीत आहे. गिऱ्हाईक दारात असताना अंगावर जायचं नाही. चार पावलं आत येऊ द्यायचं, डोळे जरा फिरू द्यायचे, मग नमस्कार. ऑफर सांगायची ती हातात जोड घेऊन, रिकाम्या हाताने नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑफर आणि अट एकाच श्वासात. आधी गोड बोललात आणि अट मागाहून सांगितलीत, तर माणसाला वाटतं आपल्याला फसवलं. एका दमात सांगितलीत तर त्याला वाटतं, चला, सरळ माणसं आहेत. तेच शब्द, तीच अट, फरक फक्त केव्हा सांगितली एवढाच.

तर त्या सिझनला हेड ऑफिसने मोबाइलवर जी वाक्यं पाठवली ती अशी होती. "नमस्कार, सणाच्या शुभेच्छा! कुणासाठी बघताय? लाल ठिपक्यातले कुठलेही दोन जोड घ्या, त्यातला कमी किमतीचा जोड अर्ध्या किमतीत. नवा माल यात नाही." मला आवडली. छोटी, स्वच्छ. फळीवर ज्या जोडाखाली लाल ठिपका, तो ऑफरमध्ये. ज्याच्याखाली नाही, तो नाही. गल्ल्यावरचं मशीनही तेवढंच ओळखतं. एक ठिपक्याचा आणि एक बिनठिपक्याचा जोड नेलात, तर ते दोन्हींचे पुरते पैसे लावतं. मशीनला काय, दयामाया नाही.

त्याच सिझनला माझी नणंद आमच्याकडे कामाला लागली. सिझनपुरती, तात्पुरती. घरात तिला सगळे बेबी म्हणतात. पस्तिशी उलटली तरी बेबीच. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी बॅग घेऊन आमच्याकडे आली ती राहिलीच. आमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत आम्ही नवराबायको, बाहेरच्या खोलीत टीव्ही, कपाट, शिलाई मशीन आणि बेबी. नवऱ्याशी मोठ्याने भांडायचं तर चोरी, हळू बोलायचं तर त्याहून चोरी. माझ्या घरात मी खाकरून वावरायचे.

लोक म्हणतील, नणंद म्हणजे घरचंच माणूस. असेल. मला ती घरात नको होती. झालं, बोलले. ती वाईट नव्हती, उलट हाताला काम होतं तिच्या. पण मी भाजी केली की ही चाखून मिठाची बरणी पुढे सरकवायची, एक शब्द न बोलता. तीन वर्षं! बोलली असती तर भांडले तरी असते.

दुकानात लावायची कल्पना माझीच. सिझन संपला की तात्पुरत्यांपैकी एखादीला कायम करतात, आणि कुणाला करायचं ते आमचे साहेब सुचवतात. कायम झाली की पगार बरा, पगार बरा की भाड्याची खोली. मी तिला तसं उघड सांगितलं होतं. "बेबी, मन लावून कर. कायम झालीस की स्वतःची खोली घे, स्वतःचं मीठ घाल." ती हसली. "तुम्हाला घाई झालीय वहिनी." मी म्हटलं, "तुला नाही झाली?" त्यावर ती म्हणाली, "मला तुमच्यापेक्षा जास्त झालीय." त्या दिवशी आम्ही दोघी एकाच बाजूला होतो.

आणि खरं सांगते, कामात ती तयार निघाली. पाठांतर तर असं, की एकदा ऐकलेलं वाक्य स्वल्पविरामासकट परत म्हणायची. घरी भांडी घासताना मी नळाशी आणि ती ओट्याशी, आमचा सराव चालायचा. मी गिऱ्हाईक. "मला काही नको, नुसतं बघतेय." ती पातेलं पुसत पुसत म्हणायची, "बघा की, बघायला कुठे पैसे पडतात? कुणासाठी बघताय?" आतून नवरा ओरडायचा, "माझ्यासाठी बघा काहीतरी, तळवे झिजले माझे!" बरे दिवस होते ते, आता म्हणायला हरकत नाही.

सिझन सुरू होऊन आठवडा झाला आणि विक्री काही साहेबांच्या मनासारखी होईना. साहेब म्हणजे आमच्या दुकानाचे मॅनेजर. गोरेपान, इस्त्रीतले, आवाज कधी चढवत नाहीत. मला चढवणारे परवडतात. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"मॅडम, लोक दारातूनच परत जातायत."

"गर्दी तर आहे की साहेब."

"गर्दी आहे, बिलं नाहीत. तुमच्या मुली पहिल्याच वाक्यात 'लाल ठिपका' म्हणतात, 'नवा माल नाही' म्हणतात. माणूस आत यायच्या आत त्याला नाही म्हणून सांगायचं? उद्यापासून एवढंच. 'एक जोड घ्या, दुसरा अर्ध्या किमतीत.' बास. अट सांगायची नाही."

"आणि गल्ल्यावर कळल्यावर?"

"गल्ल्यावर कळेलच. तोपर्यंत जोड पायात बसलेला असतो. दहातले आठ तरी घेऊन जातात."

"उरलेले दोन माझ्या मुलींच्या नावाने बोंब मारतात."

ते हसले. "ते बघून घेऊ. तुम्ही सकाळी तुमच्या पद्धतीने सांगा. माझं नाव घ्यायची गरज नाही, मुलींना वाटेल वरून दबाव आहे."

बघा, किती काळजी मुलींची! मी म्हटलं, "हेड ऑफिसची वाक्यं वेगळी आहेत साहेब, लेखी आलीयेत." ते म्हणाले, "हेड ऑफिस तिकडे बसतं. दुकान मी चालवतो. आणि तुमच्या नणंदेचं नाव मीच पुढे पाठवणार आहे, विसरू नका." हे शेवटचं वाक्य त्यांनी इतकं सहज म्हटलं, की चहाला विचारतायत असं वाटावं.

घरी येऊन मी भांडी आपटली. बेबी कांदा चिरत होती. तिला सगळं सांगितलं, साहेबांच्या आवाजात, मान वाकडी करून. 'दुकान मी चालवतो.' तिला हसू आवरेना. मी म्हटलं, "हसू नकोस. उद्या मला हेच सांगायचंय सगळ्यांना. तू काय कर, दाराशी त्यांचं वाक्य म्हण, आणि खोका उघडताना हळूच सांग, की ठिपका बघून घ्या म्हणून. काका तेच करतील, मला ठाऊक आहे." ती म्हणाली, "आणि साहेब मागे उभे असले तर?" मी म्हटलं, "तर खोकला काढ आणि थांब." हे सगळं तिने ऐकलं. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्यासमोर दीड हातावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओळीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आजपासून वाक्य छोटं. एक जोड घ्या, दुसरा अर्ध्या किमतीत." काकांनी विचारलं, "आणि ठिपका?" मी म्हटलं, "विचारलं तर सांगा." काकांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग सगळ्यांनी माझ्यामागून वाक्य म्हटलं. ते वाक्य म्हणायला सोपं होतं, हेच त्याचं वाईट.

बिलं वाढली, खोटं कशाला बोलू? साहेब खूश. गल्ल्यावर रोज एक-दोन कुरबुरी व्हायच्या, पण लोक बायकामुलांसमोर कटकट नको म्हणून पैसे भरून जायचे. काका खोका उघडताना कुजबुजत होतेच, बाकीच्याही हळूहळू शिकल्या. शेवटी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्यांना कुजबुजायला शिकवावं लागत नाही.

मग तो गृहस्थ आला. मोठ्या पोटाचा, सोबत त्याचे म्हातारे वडील. वडिलांना गुडघे वाकवता येत नव्हते. बेबी खाली बसली, त्यांचे मोजे तिने नीट केले, शूहॉर्न लावून एकेक पाय बुटात बसवला, नाडी ना घट्ट ना सैल. मी लांबून बघत होते आणि मनात म्हटलं, हिला कायम नाही केलं तर कुणाला करणार? म्हाताऱ्याला ठिपक्याचा जोड बसला. मग बेबी मुलाला म्हणाली, "तुमच्यासाठीही बघा ना, दुसरा जोड अर्ध्या किमतीत." त्याने नेमका नव्या मालातला उचलला, सगळ्यात महाग. बेबीने तोंड उघडलं. साहेब बरोब्बर तिच्या मागे, फळीवरची धूळ बोटाने बघत उभे. तिने तोंड मिटलं.

गल्ल्यावर मशीनने पुरते पैसे लावले. गृहस्थ भडकला. "त्या बाईंनी सांगितलं अर्धी किंमत!" गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "सर, लाल ठिपका..." "कसला ठिपका? मला कुणी ठिपका सांगितला नाही!" मागे रांग. म्हातारे वडील नव्या बुटांतच उभे, बिचारे "जाऊ दे रे, जाऊ दे" करत. त्याने त्यांना तिथेच बाकावर बसवून नवे बूट काढायला लावले आणि जुन्या चपला घातल्या. खिशातून फोन काढला आणि कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर, आमच्याच दुकानात उभा राहून, बेबीकडे बोट दाखवत सगळं सांगितलं. मी पुढे जाऊन माफी मागितली. साहेब केबिनमध्ये गेले होते. कधी गेले, कुणी बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी हेड ऑफिसमधून मोठे साहेब आले. शांत माणूस, चष्मा कपाळावर. मागच्या गोडाऊनमध्ये, खोक्यांच्या दोन रांगांमध्ये खुर्ची टाकून बसले आणि एकेकाला आत बोलावलं. प्रश्न एकच. अट सांगू नका असं कुणी सांगितलं?

सगळ्यांनी खरं तेच सांगितलं. सुपरवायझर मॅडमनी. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये. त्यांनी माझ्या तोंडूनच ऐकलं होतं, मग दुसरं काय सांगणार? काका बाहेर आले ते मान खाली घालून. "मी म्हटलं, मॅडम आपल्या मनाने करणाऱ्यातल्या नाहीत. तर ते म्हणाले, तुम्ही स्वतः ऐकलंत का दुसऱ्या कुणाकडून? मी काय बोलू?" मी म्हटलं, "काका, तुम्ही खरं तेच बोललात." आणि खरंच, राग काकांवर नव्हता माझा.

माझी पाळी आली तेव्हा आमचे साहेबही आत उभे होते, हात मागे बांधून. मी सरळ सांगितलं. "मला साहेबांनी केबिनमध्ये सांगितलं. मी नको म्हणत होते."

साहेबांनी मोठ्या साहेबांकडे बघून खांदे उडवले. "ऑफिसकडून आलेली वाक्यं मी मॅडमना जशीच्या तशी पुढे पाठवली होती. बघा हवं तर. विक्री वाढवा एवढं मी म्हटलं, ते तर सगळ्यांनाच म्हणतो." आवाज तोच, इस्त्रीतला.

मोठे साहेब मला म्हणाले, "केबिनमध्ये आणखी कुणी होतं?"

"नाही."

"मग कसं ठरवायचं?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "माझ्या नणंदेला विचारा. मी त्याच संध्याकाळी तिला घरी शब्दन् शब्द सांगितलाय. तिला एकदा ऐकलेलं कायम पाठ असतं."

किती खात्री होती मला! त्या क्षणी तर मला जरा बरंसुद्धा वाटलं. म्हटलं, आता बघा साहेब, बाईने तोंड उघडलं की कसं होतं ते. तीन वर्षं माझ्या ताटातलं खाल्लेली पोर होती ती. साहेबांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही, हे मी बघितलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

बेबी आली. ओढणीच्या टोकाला हात पुसत. मोठ्या साहेबांनी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही.

"अट सांगू नका असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वहिनींनी. म्हणजे मॅडमनी. सकाळी."

"त्या म्हणतात, हे तुमच्या मॅनेजरांचं सांगणं होतं, आणि त्यांनी तुम्हाला घरी तसं सांगितलं. बरोबर आहे?"

खोक्यांतल्या नव्या चामड्याचा वास येत होता. मी बेबीकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, खालच्या खोक्यावरचा मापाचा आकडा वाचावा तशी बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "घरी आम्ही दुकानाचं बोलत नाही."

मी म्हटलं, "बेबी!"

मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही थांबा."

मी थांबले. एरवी रस्त्यावरच्या पोलिसालाही न थांबणारी मी, थांबले. कारण आता काय बोलणार होते? नणंद खोटं बोलतेय म्हणून? घरातली भांडणं काढतेय असंच दिसलं असतं. आणि साहेब हळूच म्हणालेच, "घरगुती ताण असतील सर, आपण त्यात नको पडायला."

त्याच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. मला सुपरवायझर पदावरून काढून वरच्या माळ्यावर स्टॉकला टाकलं. खोके उतरवायचे, मापं लावायची, जोड जुळवायचे. गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. पगारात कपात. आणि बेबी कायम झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, पण फाशीचा दोर संन्याशाने स्वतःच्या हाताने आणून द्यावा, हे माझ्यापासून सुरू झालं.

सकाळची ओळ आता काका घेतात. अट परत आलीय, तीही एकाच श्वासात, आणि साहेब आता "अट सांगितलीच पाहिजे" म्हणून स्वतः मान हलवत उभे असतात. मी ओळीच्या शेवटी उभी राहते. आता माझ्यामागून कुणी म्हणत नाही, मीच सगळ्यांबरोबर म्हणते. ज्या गिऱ्हाइकाशी मला बोलायची परवानगी नाही, त्याच्यासाठीची वाक्यं. काकांनी एकदा म्हटलं, "मॅडम, तुम्ही नका म्हणू." मी म्हटलं, "म्हणते की, पगार त्याचाच आहे." काकांना हसू आलं नाही.

घरी मी बेबीशी बोलणं बंद केलं. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वाईट केलं तिने. पण आता झालं ते झालं. एक तरी पक्की झाली ना?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो टीव्ही लावायला उठला. कानामागून आली आणि तिखट झाली, हे मी ऐकवलं ते भिंतीला. भिंतीपलीकडे ती होती, म्हणजे तिला पोचलंच असणार. मिठाची बरणी मात्र त्यानंतर तिने कधी सरकवली नाही. मी मुद्दाम आळणी केलं तरी निमूट जेवायची.

महिन्याभरात तिने खोली बघितली. एका शिंपिणीच्या घराच्या मागची, एकाच खिडकीची. नवरा सामान पोचवायला टेम्पो आणायला गेला. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघीच. ती शिलाई मशीनच्या पायाशी बसून बॅगेची चेन ओढत होती, ती अडकत होती. मला बोलायचं नव्हतं, पण माझं तोंड मला कधी विचारतं?

"साहेबांनी आधी बोलावलं होतं ना तुला?"

"आदल्या दिवशी." तिने चेन सोडली. "म्हणाले, वहिनींचं सुपरवायझरपद जाणार हे ठरलंय. तुझं नाव पाठवायचं की नाही, एवढंच उद्या ठरेल."

"आणि तू विश्वास ठेवलास?"

"ठेवला. खोटं होतं का? मी हो म्हटलं असतं तर साहेब राहिलेच असते, ते कुठे जातात? फार तर त्यांना दोन शब्द ऐकावे लागले असते. आपल्या दोघींचं गेलं असतं."

"तुला माहीत नव्हतं ते. तू एक शब्द बोलली असतीस, तर कदाचित मोठ्या साहेबांनी..."

"कदाचित," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता, गिऱ्हाइकासमोर असतो तसा. "वहिनी, मला वाईट वाटतं. रोज वाटतं. तुम्ही माळ्यावरून खोके खाली देता तेव्हा मी वर बघत नाही, कळतं तुम्हाला. पण एक सांगा. मी खरं बोलले असते, मला कायम केलं नसतं, तर मी कुठे गेले असते? इथेच ना? या खोलीत, याच कपाटाशेजारी, आणखी तीन वर्षं, दहा वर्षं. तुम्हाला चाललं असतं?"

मी तिथेच, त्याच क्षणी 'चाललं असतं' म्हणायला हवं होतं. दोन शब्द. दिवसभर अनोळखी माणसांना सणाच्या शुभेच्छा द्यायला मुलींना शिकवणारी बाई मी, नको ते गोड बोलणं मला काय कठीण?

ते माझ्या तोंडून आलं नाही. ती मान हलवून परत चेनकडे वळली.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. तिची चेन काही केल्या लागेना, म्हणून मी खाली बसले, बॅगेच्या दोन्ही कडा दाबून धरल्या, आणि तिने चेन ओढली.